बाराकमी सर

सरांना दोन नावं होती. तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'बाराकमी'. दुसरं नाव त्यांच्या कानावर आलं नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं शाळेत काढून ज्याला स्वतःचं टोपणनाव कळलं नाही, तो माणूस शाळेत नव्हता, रजेवर होता असंच म्हणायला हवं. पण सर ते नाव ऐकून न ऐकल्यासारखं करत. ऐकू न येणं ही त्यांची जुनी विद्या होती.

नावामागची गोष्ट साधी होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सर अकरा मिनिटं उशिरा पोचले आणि मुख्याध्यापकांनी भर वर्गात, पन्नास मुलांसमोर, त्यांची बिनपाण्याने केली. त्या संध्याकाळी सरांनी मनगटावरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे केलं. अकरा उशिराची आणि एक अब्रूचं. मग घरातलं भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलं, मग शाळेतलं, आणि पुढे पर्यवेक्षक झाल्यावर शाळेची घंटाही. दहा वाजता बंद व्हायचं फाटक नऊ अठ्ठेचाळीसला, म्हणजे दहाला बारा कमी असताना, बंद होऊ लागलं. बाहेर राहिलेल्या पोरांना सर म्हणत, "वेळ कुणासाठी थांबत नाही." वेळ थांबत नव्हती हे खरं, पण ती सरांच्या सांगण्यावरून पळत होती.

आपल्या लग्नातही ते बारा मिनिटं आधी उभे राहिले आणि नवरी आली नाही म्हणून पाहुण्यांसमोर कपाळाला आठ्या घालून बसले. नवरी वेळेवर आली होती. ते तिने तेव्हाही सांगितलं आणि पुढे संसारभर सांगत राहिली. बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात एक बरोबर चालणारं घड्याळ ठेवलं आणि त्याला नवऱ्याचा हात लागू दिला नाही. घरात काहीही ठरलं की "सरांचे किती?" असं विचारायचं आणि त्यातून बारा वजा करायचे, ही घरची रीत झाली. मुलगा तर वजाबाकी शाळेत जायच्या आधीच शिकला.

या मुलानेच पुढे घराच्या तळमजल्यावर नऊ कॉम्प्युटर मांडून खेळांचा हॉल काढला. लोक यायचे, तासभर खेळायचे, जायचे. दोन वर्षांनी मुलाला परगावी चांगली नोकरी लागली, तो गेला, आणि हॉल निवृत्त वडिलांच्या ताब्यात आला. म्हणजे तबला हिरावलेला तबलजी जसा, तशी सरांची अवस्था होती: हातांना काम हवं होतं, समोर काहीही चालणार होतं.

आठवडाभरात सरांनी हॉलची शाळा केली. 'गेम झोन' ही पाटी उतरून 'क्रीडा अभ्यासिका' ही पाटी लागली. दाराशी हजेरीपट आला. मोबाइल जमा करायला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आला. मोठ्याने ओरडायचं नाही, खुर्चीवर पाय घ्यायचे नाहीत, हरल्यावर बडबड करायची नाही, असे सतरा नियम फळ्यावर आले. रात्री आठला हातातली पितळी घंटा वाजायची, आणि ती वाजली की सर कुणाचं काय चाललंय न बघता भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढत. नऊच्या नऊ पडदे एकदम काळे.

"सर, निदान शट डाउन तरी करू द्या हो," टेलर म्हणायचा. टेलरचं शिवणाचं दुकान समोरच होतं आणि तो रोज संध्याकाळी यायचा. "असं तोडलं की आतलं बिघडतं."

"परीक्षेत तीन तास झाले की पेपर ओढून घेतात," सर म्हणत. "वाक्य पुरं करू देत नाहीत."

टेलर डब्यातला आपला मोबाइल उचलून दुकानाकडे वळायचा.

पण या राज्यात एक बंडखोर होता, किंवा नऊ होते. प्रत्येक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटंसं घड्याळ होतं, आणि ते इंटरनेटवरून आपोआप बरोबर वेळ घ्यायचं. सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून "वेळ संपली" म्हटलं की कुणीतरी कोपऱ्याकडे बोट दाखवायचं. "सर, अजून बारा मिनिटं आहेत की." दोन वर्षं रोज हा वाद सर हरत होते, आणि हरल्यावर बडबड करायची नाही हा नियम त्यांचाच असल्यामुळे बोलताही येत नव्हतं.

शेवटी एका रविवारी सकाळी, हॉल बंद असताना, सरांनी त्याचा निकाल लावला. प्रत्येक कॉम्प्युटरपुढे बसून 'वेळ आपोआप घ्या' हे बटण बंद केलं, प्रशासकाचा पासवर्ड घातला (तो त्यांच्या निवृत्तीची तारीख होता), आणि नऊही घड्याळं हाताने बारा मिनिटं पुढे केली. मग खोलीच्या मध्यभागी उभं राहून त्यांनी भिंत पाहिली, मनगट पाहिलं, नऊ कोपरे पाहिले. अकरा घड्याळं एका सुरात. सरांना इतकं समाधान मुलाच्या पदवीदानाच्या दिवशीही झालं नव्हतं.

त्याच रविवारी दुपारी चारला मॅच होती.

मॅच म्हणजे शहरातल्या सगळ्या हॉलमधल्या संघांची स्पर्धा, आणि सरांच्या हॉलचा चौघांचा संघ पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीला पोचला होता. संघात टेलर होता. पोस्टमन होता. पोस्टमनची बायको होती, जी खेळताना नवऱ्याशी एक अक्षर बोलत नसे, आणि म्हणूनच दोघांचं जमायचं. आणि सिस्टर होती. सिस्टर मोठ्या दवाखान्यात परिचारिका, वय पन्नाशीच्या पुढे, लहानपणी सरांचीच विद्यार्थिनी. सर आत आले की ती अजूनही अर्धी उठायची. गुडघे नको म्हणायचे, तरी सवय उठवायची.

नियम असा होता की ठीक चार वाजता स्पर्धेची लॉबी, म्हणजे जिथे दोन्ही संघांनी खेळाआधी जमायचं ती पडद्यावरची खोली, बंद होणार. चारच्या आत चौघंही आत नसले तर संघ बाद.

सिस्टरला या बंद होणाऱ्या दारांचा अनुभव होता. गेल्या वर्षी याच स्पर्धेच्या दिवशी वॉर्डातून सुटायला तिला वेळ लागला. ती धापा टाकत पोचली तेव्हा सरांनी हॉलचं काचेचं दार आतून लावलेलं होतं. तिने काचेवर टकटक केलं. सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं: चार वाजून चार मिनिटं. आतले तिघं कोपऱ्यातलं घड्याळ दाखवून ओरडत होते, पण सर म्हणाले, "माझ्या हॉलमध्ये माझं घड्याळ." तेव्हा चौघांचा नियम नव्हता; संघ तिघांनी खेळला आणि सपाटून हरला. सिस्टर काचेबाहेर उभी राहून बघत होती. पुढच्या वर्षी तिची बदली लांबच्या दवाखान्यात होणार होती, म्हणजे ही स्पर्धा तिची इथली शेवटची. या दुपारसाठी तिने मैत्रिणींशी तीन ड्युट्या बदलून घेतल्या होत्या. आणि आज ती सरांच्या तीनला, सगळ्यांच्या आधी, दारात हजर होती.

"शाबास," सर म्हणाले. "सुधारणा आहे."

सिस्टरने मोबाइल डब्यात टाकला. डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

चौघं आपापल्या जागी बसले. आता हा खेळ थेट उघडत नाही. आधी लाँचर नावाची एक खिडकी उघडते. नाटकगृहाच्या दाराशी तिकीट तपासणारा बसतो ना, तसा हा. तो आपलं नाव विचारतो, खेळात काही नवीन आलं असेल तर ते उतरवून घेतो, आणि मग आत सोडतो. त्या दिवशी चारही पडद्यांवर तिकीटवाला एकच वाक्य धरून बसला. 'अपडेट होत आहे.' सत्तेचाळीस टक्के.

पाच मिनिटांनी सत्तेचाळीस. दहा मिनिटांनी सत्तेचाळीस.

"संयम," सर म्हणाले. पाठीमागे हात बांधून ते परीक्षेला फिरतात तसे रांगेतून फिरत होते. "हल्लीच्या लोकांत संयम नाही."

"सर, काल रात्री आठला हे अपडेट चालू होतं," टेलर म्हणाला. "तुम्ही स्विच ओढलात."

"आठ वाजले होते."

"अपडेटला माहीत नव्हतं ना."

पोस्टमनची बायको फिसकन हसली. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती पोस्टमनकडे बोट दाखवून मोकळी झाली.

पंचवीस मिनिटं गेली तेव्हा टेलरने बाह्या वर केल्या. "हे असं बसून नाही हटायचं. कॅश साफ करावी लागणार."

"कॅशे," सर म्हणाले.

"काय?"

"उच्चार. फ्रेंच शब्द आहे. शेवटी ए येतो. कॅशे म्हणायचं."

सर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि हा उच्चार त्यांनी मुलांच्या तीन पिढ्यांच्या गळी उतरवला होता. तो चुकीचा होता. टेलरला ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण गरजवंताला अक्कल नसते, आणि अक्कल असली तरी ती दाखवायची वेळ नसते.

"बरं, कॅशे," तो म्हणाला. "म्हणजे बघा, सर. मी गिऱ्हाइकांची मापं एका वहीत लिहून ठेवतो. पुन्हा आलं की नव्याने टेप लावायला नको. पण गिऱ्हाईक सुटलं, पोट पुढे आलं, आणि मी वहीतल्याच मापावर शिवत बसलो, तर शर्ट कधी व्हायचा? हा लाँचर जुन्या, अर्ध्या फाटलेल्या मापावर शिवत बसलाय. वही फेकून द्यायची. कापडाला धक्का लागत नाही. मापं परत घेता येतात."

"आणि मी इतके दिवस जमवलेलं? माझी सगळी चिलखतं?" पोस्टमनने घाबरून विचारलं.

"ती इथे नसतातच. ती कंपनीकडे असतात, तुझ्या खात्यावर. तू नुसतं नाव-पासवर्ड आठवून ठेव, कारण वही फेकली की हा तुला ओळखणार नाही."

टेलर एकेका कॉम्प्युटरपाशी बसला. आधी टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारा तक्ता, उघडला. खिडकीच्या फुलीवर दाबलं तरी लाँचर जात नाही, तो आत मागे लपून चालूच राहतो. तर टास्क मॅनेजरमधून त्याची दोन-तीन पिल्लं शोधून एकेकाला संपवलं. मग लपवलेल्या फोल्डरांत शिरून लाँचरचा कॅशचा फोल्डर काढून टाकला. खेळाच्या फोल्डरला हात लावला नाही. लाँचर पुन्हा उघडला. त्याने क्षणभर विचार केला, नवी मापं घेतली आणि आकडे पळू लागले. अठ्ठेचाळीस. साठ. शंभर.

"हात् तिच्या!" पोस्टमन म्हणाला.

"भाषा," सर म्हणाले.

दोन कॉम्प्युटरवर खेळाच्याच काही फाइली अर्धवट होत्या, तिथे टेलरने 'दुरुस्त करा' हे बटण दाबलं. त्यात लाँचर एकूण एक फाईल तपासतो आणि बिघडलेल्या तेवढ्याच परत आणतो. त्याला दहा मिनिटं लागली. भिंतीवर चार वाजायला दहा कमी झाले. कोपऱ्यातही तेवढेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चौघांपैकी कुणीही एरवी भिंतीवर विश्वास ठेवला नसता. पण आज भिंत आणि कोपरा एकच वेळ सांगत होते, आणि कोपरा तर कधी खोटं बोलत नाही. मोबाइल डब्यात. म्हणून चौघांनीही मनाशी ठरवलं की सरांनी म्हातारपणी एकदाचं भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावलेलं दिसतंय, आणि आपल्याकडे दहाच मिनिटं आहेत.

"नाव-पासवर्ड टाका पटापट," टेलर म्हणाला.

सगळ्यांनी टाकले. चारही पडद्यांवर एकच उत्तर आलं. साइन इन होऊ शकलं नाही. नंतर प्रयत्न करा.

"माझा पासवर्ड बरोबर आहे!" सिस्टर म्हणाली. तिने पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"चौघांचेही चुकणार नाहीत एकदम," टेलर पुटपुटला. "थांबा, सिस्टर, सारखं सारखं टाकू नका. फार वेळा झालं तर खात्यालाच कुलूप लागेल." त्याने पुन्हा टास्क मॅनेजर उघडला, पुन्हा कॅश साफ केली, पुन्हा लाँचर चालू केला. पुन्हा नाही. त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला. "इंटरनेट तर चालू आहे. आत्ता अपडेट उतरलं की! मग हा आत का घेत नाही?"

"त्या उत्तराखाली बारीक काहीतरी लिहिलंय," सिस्टर म्हणाली. "'अधिक माहिती.' माझा चष्मा पर्समध्ये, पर्स दाराशी. सर, तुम्ही वाचा ना. इंग्रजी तुमचं."

इंग्रजी सरांचं. ते खाली वाकले, 'अधिक माहिती'वर दाबलं, आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचू लागले. सुरक्षित जोडणी करता आली नाही. तुम्हाला दिलेल्या परवान्याची मुदत संपलेली दिसते. आणि तिसरं वाक्य.

तिसरं वाक्य होतं: तुमच्या संगणकाची तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते तपासा.

पूर्णविराम आल्याशिवाय वाचन थांबवायचं नाही, हे सरांनी आयुष्यभर शिकवलं. कुणी मध्येच थांबलं तर छडी. त्या दिवशी सर दुसऱ्या पूर्णविरामाला थांबले आणि त्यांनी खिडकी बंद केली.

"काय म्हणतंय?" सिस्टर म्हणाली.

"तांत्रिक आहे," सर म्हणाले.

त्यांना कळलं होतं. मूर्ख नव्हते ते, नुसते हट्टी होते, आणि हट्टी माणसाला गोष्टी इतरांच्या आधी कळतात, कारण त्या लपवायच्या असतात. कंपनी या चौघांना आत शिरायला एक परवाना देत होती. परवाना काही मिनिटांपुरताच चालतो. आणि या कॉम्प्युटरांना वाटत होतं की आपण बारा मिनिटं पुढच्या जगात आहोत. परवाना हातात पडायच्या आधीच शिळा. म्हणजे कंपनी वेळेवर आली होती आणि सर आठ्या घालून बसले होते. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत नव्हतं.

भिंतीवर चार वाजले.

पोस्टमनच्या बायकोने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. सिस्टर पडद्याकडे बघत होती, हात मांडीवर. दवाखान्यात एखाद्या खाटेपाशी सगळं करून झाल्यावर बसत असेल तशी.

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप यायचं, उचकी यावी तसं. "वेळ संपली. मी आयोजकांना माघारीचं पत्र लिहितो. शिस्तीत हरण्यातही एक..."

"लिहा," सिस्टर म्हणाली. "दार लावून घ्या आणि लिहा."

सर टेबलापाशी बसले. हजेरीपटामागचा कोरा कागद काढला, पेनाचं टोपण काढलं, आणि त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात सुरुवात केली. 'मा. आयोजक यांस, आमच्या संघाचे सदस्य आज दुपारी ठीक'

पेन थांबलं.

ठीक किती? चाळीस वर्षं सरांनी हजेरीपटात, उशिराच्या नोंदीत, पालकांना पाठवलेल्या चिठ्ठ्यांत, कुणाच्या न कुणाच्या डोक्यावर आपली वेळ लिहिली होती आणि पेन एकदाही अडखळलं नव्हतं. कारण ती पोरं होती, वाद घालायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. पण आयोजकांकडे घड्याळ होतं. 'ठीक चार वाजून दोन मिनिटांनी' असं लिहिलेलं पत्र त्यांच्या हातात तीन पन्नासला पडलं असतं. सरांना घाम फुटला तो सिस्टरसाठी नव्हता. हे खरं आहे आणि ते इथे लिहायलाच हवं. घाम फुटला तो पत्रासाठी.

ते उठले. "सगळे बाहेर व्हा."

"काय?"

"बाहेर. दारात उभे राहा. पाणी प्या. मी एकदा बघतो."

"सर, तुम्ही काय बघणार?" टेलर म्हणाला.

"बाहेर!" या एका शब्दाने सरांनी कितीतरी वर्ग रिकामे केले होते. चौघं बाहेर गेले.

सर पहिल्या कॉम्प्युटरपाशी बसले. निवृत्तीची तारीख टाइप केली. 'वेळ आपोआप घ्या' चालू केलं, 'आत्ता जुळवा' दाबलं. कोपऱ्यातले आकडे क्षणभर थांबले आणि मुकाट्याने मागे गेले. लाँचर बंद केला, परत उघडला. दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी पासवर्ड चुकला. आपल्या निवृत्तीची तारीख माणसाने चुकवावी म्हणजे कमाल.

"या आत," ते दाराशी जाऊन म्हणाले. "आता करा साइन इन."

"चार वाजून गेले ना, सर," पोस्टमनची बायको म्हणाली. नवऱ्याकडे बघून, पण बोलली.

"करा म्हणतो ना!"

सिस्टरने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. तिकीटवाला हसला. 'स्वागत आहे.' बाजूला टेलर ओरडला, "झालं! माझंही झालं! सर, काय केलंत काय?"

"पद्धतशीरपणे तपासलं," सर म्हणाले. "घाई केली नाही."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ते असं. सरांना वाटलं प्रकरण मिटलं. पण घड्याळ दुरुस्त करून ते लपवता येत नाही. ते तर कोपऱ्यात बसून सगळ्यांना सांगत होतं. सिस्टरची नजर तिकडे गेली. मग भिंतीकडे. मग पुन्हा कोपऱ्याकडे. तिने चष्मा आणायचीही तसदी घेतली नाही.

"तीन बावन्न," ती म्हणाली. आणि मग, शाळेत होती तेव्हापासून पाठीमागे म्हणत आलेला शब्द तिने पहिल्यांदा सरांच्या तोंडावर म्हटला. "बारा कमी."

टेलर तिच्या खांद्यावरून वाकला. त्याला सगळा हिशेब लागायला एक श्वास पुरला. "अरे बाप रे. सर! कॉम्प्युटरची पण घड्याळं? म्हणून आत घेत नव्हता! आणि मी आपला कॅश उपसतोय, कॅश उपसतोय!"

"कॅशे," सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"तीन बावन्न," सिस्टर पुन्हा म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "गेल्या वर्षी याच मिनिटाला मी त्या काचेबाहेर उभी होते."

यावर सरांकडे बरंच काही म्हणण्यासारखं होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांनी कधी पाठ केलं नव्हतं. ते भिंतीकडे बघत राहिले, चार वाजून चार मिनिटं झालेल्या त्या घड्याळाकडे, आणि मग म्हणाले, "लॉबीत जा. वेळ आहे."

"आहे?" सिस्टर म्हणाली.

"आठ मिनिटं आहेत," सर म्हणाले. दुसऱ्याच्या घड्याळाने वेळ सांगायची त्यांची ही पहिलीच खेप.

तीन छप्पनला चौघंही लॉबीत होते. मॅच ते जिंकले, थोडक्यात जिंकले, आणि शेवटचा घाव सिस्टरचा होता. ती खुर्चीवर पाय घेऊन ओरडली. मोठ्याने. एकदम दोन नियम मोडले. सर तिच्या मागेच उभे होते, पण त्यांना ऐकू आलं नाही. जुनी विद्या कामाला आली. आवाज ऐकून बाई चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या, तेव्हा टेलरने त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, शर्टाच्या मापासकट. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, या बिचाऱ्या यंत्रांना तरी सोडायचं होतंत," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमच्याशी लग्न थोडंच केलंय."

"उलट," सर म्हणाले, आणि आता त्यांचा सूर परत आला होता, "मी घड्याळ पुढे ठेवलं म्हणूनच हातात बारा मिनिटं उरली. नाहीतर खरंच चार वाजले असते. यालाच पूर्वतयारी म्हणतात."

चौघांनी कपातून डोळे वर काढले. टेलरचा चहा नाकात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर अठरावा नियम होता, सरांच्या छापल्यासारख्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून: 'संगणकाच्या घड्याळास कोणीही हात लावू नये. तसे आढळल्यास कडक कारवाई करण्यात येईल.' उरलेल्या पाच कॉम्प्युटरची घड्याळं कुणीतरी रातोरात बरोबर करून ठेवली होती. कुणी, ते सरांनी विचारलं नाही. भिंतीवरचं मात्र होतं तिथेच पुढे.

नियमाखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आणखी दोन शब्द होते. सरांनी ते वाचले, पूर्णविरामापर्यंत. डस्टर उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. अक्षर बाईंचं होतं.

'सरांनीसुद्धा नाही.'